भेगेचं वरचं टोक

सोलापूरजवळची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत. आतलं प्लास्टर संपत आलं होतं. तळमजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघून कोपऱ्याच्या कॉलमकडे चढत गेली होती. मिस्त्री म्हणाले, "साहेब, नवं प्लास्टर आहे, सुकताना फाटतंच. पुट्टीत जाईल."

प्लास्टर सुकून पडणाऱ्या भेगा जाळीसारख्या, केसाएवढ्या असतात आणि आत विटेपर्यंत जात नाहीत. ही भेग बाहेरच्या बाजूलाही होती. वर जाऊन पाहिलं तर पहिल्या मजल्यावर त्याच खिडकीपाशी, त्याच दिशेने तशीच भेग. सुकण्याची भेग मजले मोजून जागा निवडत नाही. एक कॉलम खचू लागला की शेजारची भिंत तिरकी ताणली जाते आणि भेगेचं वरचं टोक बहुधा खचणाऱ्या कॉलमकडे असतं.

कॉलम उभे झाले तेव्हा आम्ही सगळ्यांवर एक मीटर उंचीची आडवी खूण, म्हणजे लेव्हल, मारली होती. कंपाउंडबाहेरच्या जुन्या मोरीवरची न हलणारी खूण, म्हणजे बेंचमार्क, धरून ऑटो लेव्हल या उंची मोजायच्या दुर्बिणीने ती पुन्हा तपासली. बाकी कॉलम जागेवर होते. कोपऱ्यातला मात्र नऊ मिलिमीटर खाली, त्याच्या शेजारचा एक. म्हणजे चार मीटर अंतरात आठ मिलिमीटरचा फरक. आरसीसी इमारतीसाठी आयएस १९०४ हे पायाचं भारतीय मानक एवढ्या अंतरात सहाच चालवून घेतं. सगळी इमारत सारखी बसली तर भिंतींना फारसं कळत नाही, त्रास देतो तो दोन कॉलममधला फरक.

भेग अजून वाढतेय का ते कळावं म्हणून तिच्यावर दोन काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारखा टाकल्या. पुढच्या मोठ्या पावसानंतर दोन्ही तडकल्या. गच्चीचं पाणी पाइपातून नेमकं त्या कोपऱ्यात पडत होतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनी त्या कॉलमच्या फुटिंगलगत, म्हणजे पायालगत, खड्डा घ्यायला लावला. तो चालू असताना शेजारच्या शेतातले आजोबा कुंपणाशी येऊन म्हणाले, "पोरा, हितं हीर हुती की. मुरूम टाकून बुजवली." फुटिंगचा अर्धा भाग मूळ मुरमावर आणि अर्धा भरावावर बसला होता. दोन्हींचा रंग एकच, म्हणून खोदाईत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाणी मुरलं तसा न दाबलेला भराव बसत गेला.

त्याच दिवशी तिथल्या तुळया टेकूंवर घेतल्या, गच्चीवरची टाकी रिकामी केली आणि पाइप लांबच्या गटारात वळवला. नंतर फुटिंगखालचा भराव एका वेळी मीटरभर काढून पक्क्या थरापर्यंत काँक्रीट भरत गेलो. एक टप्पा घट्ट झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, यावर स्ट्रक्चरलवाले अडूनच बसले. काँट्रॅक्टरची कुरकुर चालू होती, ताबा द्यायची तारीख जवळ आली होती.

भेग बुजवायला मात्र स्ट्रक्चरलवाल्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. नव्या पट्ट्या लावल्या, लेव्हल घेत राहिलो. पुढचा पावसाळा उलटून आकडा हलला नाही, तेव्हा कुठे मिस्त्रींना पुट्टी मिळाली.