रिलीजच्या फॉर्मवरचा एक रकाना: स्मोक, सॅनिटी आणि रिग्रेशन यांचा माझा अनुभव

आमच्या कंपनीत कुठलाही बिल्ड प्रॉडक्शनला जायच्या आधी एक मंजुरी फॉर्म भरावा लागतो. त्यात टेस्टिंगसाठी एकच रकाना आहे: ‘रिग्रेशन पूर्ण – होय / नाही’. खाली रिपोर्ट जोडायची जागा आणि बिल्ड नंबर. एवढंच. या रकान्यापायी आमचा एक रिलीज असा अडकला की तेव्हाची चिडचिड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. बिल्ड मुळात चालतो का हे पाहणारं स्मोक, दुरुस्ती लागू पडली का हे पाहणारी सॅनिटी आणि आधी चालणारं काही बिघडलं का हे पाहणारं रिग्रेशन ही तीन वेगळी कामं आहेत आणि रिलीजच्या तीन वेगळ्या वेळी करायची असतात, हे त्या फॉर्मला ठाऊकच नाही.

आमचं सॉफ्टवेअर गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं. सभासदांची खाती, महिन्याची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, फ्लॅट विकताना लागणारा ‘येणे बाकी नाही’ दाखला, असं सगळं त्यात येतं. त्या रिलीजमध्ये व्याजाचा भाग नव्याने लिहिला होता. पहिला उमेदवार बिल्ड, `rc1`, आला. त्यावर स्मोक केलं, नीट झालं. मग पूर्ण रिग्रेशन केलं, तेही नीट झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घोळ सापडला तो नव्या व्याजाच्या स्वतंत्र टेस्टिंगमध्ये. आमच्या टेस्ट डेटातल्या सोसायटीचा दर वार्षिक २१ टक्के, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, आणि तेही सरळव्याज. एका सभासदाकडे मुद्दल १०,००० रुपये थकलेलं. पहिल्या महिन्याचं व्याज १७५ रुपये, ते बरोबर आलं. दुसऱ्या महिन्याला पुन्हा १७५च यायला हवं होतं, आले १७८.०६. म्हणजे प्रोग्रॅम आधीच्या १७५ रुपये व्याजावरही व्याज लावत होता. तीन रुपयांचा फरक असला, तरी सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी वही उघडून हिशोब मांडला की कमिटीला उत्तर देता येत नाही.

डेव्हलपरने दुरुस्ती केली आणि `rc2` आला. त्यावर आधी स्मोक. आमच्या स्मोकमध्ये मोजक्याच गोष्टी आहेत: लॉगिन होतं का, सभासदाचं खातं उघडतं का, एक बिल बनतं का, एक पावती नोंदवता येते का, पीडीएफ निघते का. यातलं एक जरी अडलं तरी पुढचं काहीही करायचं नाही, बिल्ड परत. म्हणून आम्ही ते पहिल्या अपयशालाच थांबेल असं चालवतो:

```
pytest -m smoke --maxfail=1
```

मग सॅनिटी. इथे नजर फक्त दुरुस्तीवर आणि तिच्या लगतच्या भागावर. दुसऱ्या महिन्याचं व्याज १७५ आलं. तिसऱ्या महिन्यालाही १७५. मधेच अर्धी रक्कम भरली, तर उरलेल्या ५,००० वर ८७.५० आले. बिलावर तोच आकडा छापला. सॅनिटी पास.

आणि इथून फॉर्मचं प्रकरण सुरू झालं.

मी `rc1`चा रिग्रेशन रिपोर्ट आणि `rc2`चे स्मोक-सॅनिटीचे रिपोर्ट असं सगळं जोडून फॉर्म पाठवला. तो परत आला: ‘रिपोर्टमधील बिल्ड नंबर जुळत नाही.’ मी खुलासा लिहिला. पुन्हा परत, शेरा तोच. मंजुरी देणारा विभाग वेगळा आहे आणि त्यांच्याकडे नंबर जुळवून पाहायचा नियम आहे. नियमामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. जो बिल्ड ग्राहकाकडे जाणार, त्याच्याबद्दलच बोला, हे रास्तच आहे. पण नियम अक्षरशः पाळायचा तर प्रत्येक छोट्या दुरुस्तीनंतर नवा नंबर, आणि नव्या नंबराला पहिल्यापासून पूर्ण रिग्रेशन. आमच्या रिग्रेशनचा मोठा भाग अजून हाताने करावा लागतो. असं केलं तर रिलीज कधीच बाहेर पडणार नाही.

तारीख जवळ आली तसा रिलीज मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. “अगं, सॅनिटी पास झालीय ना? मग तोच रिपोर्ट रिग्रेशन म्हणून जोड. नंबर जुळतो, विषय संपला.”

मी म्हटलं, “त्या रिपोर्टमध्ये पावती नाही, दाखला नाही, वार्षिक ताळेबंद नाही. त्यावर रिग्रेशन पूर्ण असं मी लिहिणार नाही.”

“बदल तर एकाच फंक्शनमध्ये आहे.”

“मग ते फंक्शन अजून कोण कोण वापरतं ते बघू या.”

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बदल काय झाला ते आधी पाहिलं, मग बदललेलं फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधलं:

```
git diff --stat rc1 rc2
git grep -n "get_outstanding("
```

पहिल्या कमांडने एकच फाइल दाखवली, काही ओळींचा बदल. मॅनेजर म्हणत होता ते त्या अर्थाने खरंच होतं. दुसऱ्या कमांडने मात्र त्या फंक्शनचा वापर चार ठिकाणी दाखवला: व्याजाची आकारणी, बिलाची छपाई, पावतीची वळती आणि ‘येणे बाकी नाही’ दाखला. आधी `get_outstanding` मुद्दल आणि व्याज मिळून एकूण येणं द्यायचं. दुरुस्तीनंतर ते फक्त मुद्दल देऊ लागलं होतं. व्याजाच्या दृष्टीने उत्तम. बाकीच्यांचं काय?

आमच्या रिग्रेशनमध्ये दाखल्याची एक जुनी केस आहे. काही सोसायट्या पावतीची रक्कम आधी मुद्दलात वळती करतात, तसा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या केसमधल्या सभासदाने १०,००० मुद्दल फेडलेलं आहे, पण दोन महिन्यांचं ३५० रुपये व्याज बाकी आहे. अशा सभासदाला दाखला मिळता कामा नये. `rc1`वर सॉफ्टवेअरने दाखला नाकारला होता. `rc2`वर येणं शून्य दिसलं आणि सहीच्या जागेसकट स्वच्छ दाखला छापून बाहेर आला.

या केसपर्यंत सॅनिटी कधीच पोचली नसती, आणि तिने पोचावं अशी अपेक्षाही नाही. दुरुस्ती लागू पडली का आणि जवळपास काही ढासळलं का, एवढंच ती विचारते. काल चालत होतं ते आज बदलामुळे बिघडलं का, हा प्रश्न रिग्रेशनचा, आणि त्याचं उत्तर बदलापासून लांबच्या स्क्रीनवर मिळतं. छापलेला दाखला मी मॅनेजरच्या हातात दिला. त्यानंतर सॅनिटीचा रिपोर्ट जोडायचा विषय कुणी काढला नाही. मी अडून बसले याचा मला आजही अभिमान वाटतो.

डेव्हलपरने मग व्याजासाठी `get_principal_due` असं वेगळं फंक्शन केलं आणि जुनं होतं तसं ठेवलं. `rc3` आला. म्हणजे पुन्हा नवा नंबर, पुन्हा तोच फॉर्म.

या वेळी मी फॉर्मसोबत एका पानाचा तक्ता जोडला. डावीकडे बिल्ड, उजवीकडे त्यावर काय केलं. `rc1`: स्मोक, पूर्ण रिग्रेशन. `rc2`: स्मोक, सॅनिटी, निवडक रिग्रेशन, नापास. `rc3`: स्मोक, व्याजाची आणि दाखल्याची सॅनिटी, वर सांगितलेल्या चार ठिकाणांचं हाताने केलेलं रिग्रेशन, आणि रात्रभर चालवलेला सगळा ऑटोमेटेड संच. खाली लिहिलं की `rc1` ते `rc3` या दरम्यान कुठल्या फाइल बदलल्या आणि ज्या भागांचं हाताने करायचं रिग्रेशन पुन्हा केलं नाही, ते भाग या बदलांना का शिवत नाहीत. आता बिल्ड नंबर जुळत होता आणि राहिलेली जोखीमही कागदावर होती. तरी एकदा विचारणा आली, “पूर्ण रिग्रेशन का नाही?” तक्त्याकडे बोट दाखवलं. मंजुरी आली तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.

तुमच्याकडेही असाच रकाना असेल तर तक्ता पहिल्याच वेळी जोडा, फॉर्म परत यायची वाट पाहू नका. आणि तो तक्ता बिल्ड येत जाईल तसा भरत जा. शेवटच्या दिवशी आठवून लिहिलेल्या तक्त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

मधेच सांगायचं राहिलं: टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेच्या शब्दकोशात स्मोक आणि सॅनिटी समानार्थी दिले आहेत. कामावर मात्र बहुतेक टीम मी वर वापरला तसाच फरक करतात. त्यामुळे नव्या टीममध्ये गेलात की कोण कशाला काय म्हणतं ते आधी विचारून घ्या. आमच्या मंजुरी विभागातल्या बाई आधीच्या कंपनीत सॅनिटीलाच स्मोक म्हणायच्या, आणि अर्धी पत्रापत्री त्यातच गेली.

पूर्ण रिग्रेशन कधी सुरू करायचं, तेही महत्त्वाचं. नवे फीचर येणं थांबल्यावर, म्हणजे कोड गोठवल्यावरच. त्याआधी केलेलं रिग्रेशन दुसऱ्या दिवशीच्या मर्जने शिळं होतं. रोजच्या बिल्डला स्मोक पुरे. दुरुस्ती आली की सॅनिटी, आणि दुरुस्ती सामाईक फंक्शनमध्ये असेल तर सोबत निवडक रिग्रेशन. बदल डेटाबेसच्या रचनेत किंवा लायब्ररीच्या आवृत्तीत असेल तर निवड करत बसू नका, पूर्ण रिग्रेशनच करा. तिथे `git grep` सगळे धागे दाखवू शकत नाही.

आणि स्मोकची शेवटची फेरी प्रॉडक्शनवर, बिल्ड चढवल्याबरोबर. पण टेस्ट सर्व्हरवरची स्मोक तिथे जशीच्या तशी चालवू नका. आमच्या स्मोकमध्ये बिल बनवायची पायरी आहे, आणि प्रॉडक्शनवर बिल बनलं की सभासदाला एसएमएस जातो. त्यासाठी फक्त वाचणाऱ्या केसना आम्ही वेगळी खूण दिली आहे: लॉगिन, खातं उघडणं, जुन्या बिलाची पीडीएफ.

```
pytest -m "smoke and readonly" --maxfail=1
```

ही फेरी अपयशी झाली तर कारण शोधत बसायचं नाही, आधी जुना बिल्ड परत चढवायचा.