इबिड कोणाचं?

फोंड्याला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, देवळांच्या उत्सवांचे कार्यक्रम ही रोजची कामं. त्यांच्या जोडीला इंग्रजी प्रबंधांची जुळणी आणि तळटिपांची तपासणीही करतो. पैसा थोडा आणि डोळ्यांना ताण फार, पण आवडतं म्हणून करतो. डिचोलीच्या एक इतिहासाच्या शिक्षिका आपला प्रबंध घेऊन आल्या ते त्याच कामासाठी. विषय होता कोमुनिदादींचा, म्हणजे गोव्यातल्या जुन्या गावकी संस्थांचा. बाई म्हणाल्या, "भाऊ, सरांनी तिसरं प्रकरण परत पाठवलंय. जवळजवळ दर पानावर पेन्सिलीनं एकच प्रश्न आहे, इबिड कोणाचं?"

ज्यांचा तळटिपांशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका टिपेत ग्रंथाचं नाव दिलं आणि लगेच पुढच्या टिपेत तोच ग्रंथ आला, तर नाव पुन्हा न लिहिता Ibid. लिहायचं. ibidem या लॅटिन शब्दाचं हे लघुरूप. मराठी प्रबंधात आपण त्या जागी 'तत्रैव' लिहितो. यातली मेख 'लगेच' या शब्दात आहे. इबिड फक्त आपल्या डोक्यावरच्या टिपेकडे बोट दाखवतं, त्याच्या वर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

बाईंच्या प्रकरणात काय झालं होतं ते एका जागेवरून कळेल. (पानांचे आकडे मी बदलून लिहितोय.) मूळ खर्ड्यात फिलिप नेरी शाविएर यांच्या १८५२ सालच्या ग्रंथाचा आधार सलग तीन वेळा होता:

```
41. Xavier, Bosquejo Historico, 12.
42. Ibid., 15.
43. Ibid.
```

इथपर्यंत सगळं बरोबर. त्रेचाळिसाव्या टिपेत पान नाही, कारण पानही तेच, पंधरावं. पुढे सरांनी सांगितलं, १५२६ च्या फोरालचा, म्हणजे गावकीच्या चालीरीती नोंदवणाऱ्या पोर्तुगीज सनदेचा, उल्लेख इथे यायला हवा. बाईंनी मजकुरात एक वाक्य घातलं आणि त्याला कुन्य रिव्हारांच्या दस्तऐवजसंग्रहाची टीप लावली. वर्डनं पुढचे आकडे आपोआप सरकवले:

```
41. Xavier, Bosquejo Historico, 12.
42. Cunha Rivara, Archivo, fasc. 5, 120.
43. Ibid., 15.
44. Ibid.
```

आकडे सरकले, पण इबिड जागचं हललं नाही. वर्डच्या दृष्टीनं ती नुसती चार अक्षरं आणि एक टिंब. आता त्रेचाळिसावी टीप कुन्य रिव्हारांच्या पाचव्या भागाचं पंधरावं पान दाखवते. त्या ग्रंथालाही पंधरावं पान आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला काही खटकत नाही. शब्द अधोरेखित होत नाही, व्याकरण चुकत नाही. आधार तेवढा दुसऱ्याच्या नावावर जातो. परीक्षकानं पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन ते पान उघडलं तरच कळायचं. आणि अशी टीप एकटी नव्हती. वर्षभर परिच्छेद वरखाली होत राहिले, त्यात कितीतरी इबिड अनाथ झाले.

बाईंना वाटत होतं की आहे त्या प्रतीवर बसून एकेक टीप ओळखता येईल. ते मी पहिल्यांदा थांबवलं. बिघडलेल्या प्रतीवरून मूळ मालक शोधणं म्हणजे अंदाजपंचे काम. त्यापेक्षा सगळ्यात जुना खर्डा काढायचा, जिथे क्रम अजून शाबूत आहे. सुदैवानं बाईंना स्वतःलाच ईमेलनं खर्डे पाठवून ठेवायची सवय होती. परिच्छेदांची हलवाहलव सुरू व्हायच्या आधीची फाइल सापडली. त्या फाइलमध्ये Ctrl+F दाबून ibid शोधायचं आणि प्रत्येकाच्या जागी आडनाव, आखूड शीर्षक आणि पान लिहायचं. इबिड एकही ठेवायचं नाही. पान नसलेलं इबिड असेल तर वरच्या टिपेचं पानसुद्धा लिहून टाकायचं. मग ही यादी शेजारी ठेवून नव्या प्रतीतली तीच वाक्यं शोधायची आणि टिपा बदलायच्या. इथे आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. वाक्य जुळलं की टीप जुळली.

जी वाक्यं नंतर थेट नव्या प्रतीतच आली होती, त्यांच्यासाठी जुना खर्डा उपयोगाचा नव्हता. तिथे बाईंच्या वह्या काढाव्या लागल्या. संशयित इबिड ओळखायच्या काही खुणा असतात. वरच्या टिपेत वीस पानांचा लेख आणि खाली Ibid., 212 असेल, तर ते त्या लेखाचं असूच शकत नाही. प्रकरणाची पहिलीच टीप इबिड असेल, तर प्रकरण कुठूनतरी तोडून आणलेलं आहे. वरच्या टिपेत दोन ग्रंथ असतील, तर खालचं इबिड दोघांतल्या कोणाचं हे देवालाच ठाऊक, म्हणून तिथे ते वापरतच नाहीत. एकाच ग्रंथाचे अनेक भाग असतील आणि भाग बदलला असेल, तर इबिडच्या पुढे नवा भाग लिहावा लागतो. बाईंच्या टिपांत पुराभिलेखातल्या हस्तलिखितांचेही हवाले होते. तिथे पानाच्या जागी फोलियो येतो, आणि 34v मधला, पाठीमागची बाजू दाखवणारा तो बारका v गळला की वाचक पानाची पाठ पाहायची सोडून पुढचीच बाजू चाळत बसतो.

वह्यांत आणखी एक भानगड निघाली. बाईंनी पोर्तुगीज ग्रंथांतून टिपणं काढताना त्यांच्या तळटिपाही जशाच्या तशा उतरवल्या होत्या. तिथे Idem, Ibidem, apud हे सगळे पाहुणे होते. Idem म्हणजे लेखक तोच. ग्रंथ तोच असेलच असं नाही. बाईंनी त्याला इबिड समजून एका ठिकाणी दोन वेगळे ग्रंथ एकच करून टाकले होते. apud ची गोष्ट जास्त नाजूक. अमक्याचं मत तमक्याच्या ग्रंथात वाचलं, मूळ पाहिलं नाही, ही त्यातली कबुली. तिथलं apud काढून नुसता मूळ लेखक ठेवला की आपण न पाहिलेला ग्रंथ पाहिल्याचं सांगतो. इंग्रजी प्रबंधात apud फारसं कोणी ओळखत नाही, म्हणून मी तिथे quoted in असं सरळ लिहून दिलं.

आखूड शीर्षकं ठरवताना गोवा आड आला. बाहेरच्या विषयात नुसतं आडनाव पुरतं. आमच्याकडे शाविएर, डिसोझा, फर्नांडिस यांची रांग लागते. त्यात एकाच माणसाचे दोन-तीन ग्रंथ. पांडुरंग पिसुर्लेकरांचं उदाहरण घ्या. Pissurlencar, op. cit., म्हणजे 'आधी सांगितलेला ग्रंथ', असं लिहिलं तर १९५१ चा गडकोटांच्या नियमावल्यांचा ग्रंथ की १९५२ चा मुत्सद्द्यांवरचा, हे वाचकानं मागे पानं उलटून शोधायचं, आणि तरी ते सापडेलच असं नाही. म्हणून op. cit. बाईंच्या प्रबंधातून मी पूर्णच काढलं, प्रत्येक वेळी आडनावाला शीर्षकातले दोन शब्द जोडले. शिवाय हेच आडनाव कुठे c ने, कुठे k ने, तर कुठे एकाच s ने लिहिलेलं. मूळ ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे तेच स्पेलिंग सगळीकडे ठेवलं, नाहीतर संदर्भसूचीत एका माणसाची तीन माणसं होतात.

सरांचा आग्रह मात्र इबिडचाच. त्यांच्या वेळी सगळे असंच लिहायचे. मी बाईंच्या हाती एक माहिती दिली, की शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून इबिडऐवजी आखूड टीपच सुचवली आहे. सरांनी ती ऐकून घेतली आणि इबिड हवंच म्हणून सांगितलं. ठीक आहे, मार्गदर्शक ते, शिक्का त्यांचा. मग असं ठरवलं की प्रबंध पूर्ण होईपर्यंत सगळ्या टिपा आखूड रूपात राहतील आणि इबिड छपाईच्या आदल्या दिवशीच घालायचं.

बाकीच्या लॅटिन मंडळींचं काम झटपट आटोपलं. et al. म्हणजे 'आणि इतर'. त्यात et पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नाही, टिंब al. लाच. दोन संपादकांच्या पुस्तकाला बाईंनी et al. लावलं होतं, तिथे दोन्ही नावं लिहिली. आणि मागून क्रियापद अनेकवचनी केलं, argues चं argue. e.g. ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी etc. होतं, ते खोडलं. उदाहरणार्थ म्हटल्यावर वगैरे कशाला?

i.e. वर मात्र आम्ही एक अख्खी दुपार घालवली. बाईंचं वाक्य होतं, the members of the comunidade (i.e., the gaunkars). व्याकरणात काही खोट नव्हती. पण i.e. लिहिलं की आपण म्हणतो, सभासद म्हणजे गावकर, बाकी कोणी नाही. मी विचारलं, "बाई, मग नंतर आलेले कुळाचारी कुठे गेले? आणि भागधारक?" बाई गप्प. मग म्हणाल्या, "दुसऱ्या प्रकरणात मीच लिहिलंय त्यांच्याबद्दल." तिथे e.g. टाकलं असतं तर वाक्य सुटलं असतं, पण तेही बाईंना पटेना. मूळ गावकरांचा मान आणि नंतर आलेल्यांचा वाटा हा तर त्यांच्या प्रकरणाचा गाभा, तो 'उदाहरणार्थ'च्या मागे लपवून कसं चालेल? शेवटी कंस काढला, तिन्ही गटांची नावं सरळ वाक्यात घेतली आणि कुळाचाऱ्यांवर एक नवी टीप लिहिली.

ती टीप नेमकी शाविएरच्या दोन टिपांच्या मधोमध आली. वर्डनं आकडे पुढे सरकवले. शाविएर वरही होता, खालीही होता, आणि दोन्हीकडे त्याचं नाव लिहिलेलं होतं. बाईंनी फाइल सेव्ह केली आणि विचारलं, "इबिड कधी घालायचं मग?" म्हटलं, सरांनी शेवटची सही केली की घालू.