साठ टक्क्यांचा ब्लॉक आणि ०.७८चा आकडा

भराभर चालताना छाती जड होते म्हणून अठ्ठावन्न वर्षांचे एक काका आले होते. ट्रेडमिल टेस्टचा निकाल ना धड हो, ना धड नाही. अँजिओत एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीच्या, मधल्या भागात अरुंदपणा दिसला. मी म्हटलं साठ टक्के, शेजारी उभे असलेले आमचे सर म्हणाले सत्तर. दोघांचीही चूक नव्हती. अँजिओत दिसते ती धमनीच्या पोकळीत भरलेल्या डायची सावली. टक्केवारी काढायची तर शेजारचा 'चांगला' भाग मोजमापाला धरावा लागतो, आणि तो भागही अनेकदा आतून रोगटच असतो. त्यात कॅमेऱ्याचा कोन बदलला की तीच जागा कधी भयंकर दिसते, कधी किरकोळ. फेम नावाच्या अभ्यासात डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या ब्लॉकांपैकी जेमतेम ३५ टक्केच रक्तप्रवाहाला खरोखर अडवणारे निघाले. म्हणून इथे प्रेशर वायर घालायचं ठरलं.

ही वायर ०.०१४ इंच जाडीची, टोकाजवळ दाबाचा सेन्सर असलेली. आधी हेपरिन दिलं, मग धमनी आकुंचन पावलेली राहू नये म्हणून नायट्रोग्लिसरीन. सेन्सर गाईड कॅथेटरच्या तोंडाशी आणून महाधमनीचा दाब आणि वायरचा दाब जुळवून घेतले. हे करताना वायर जिच्यातून आत जाते ती इंट्रोड्युसरची सुई काढून झडप घट्ट करावी लागते. सुई तशीच राहिली तर तिथून दाब गळतो, महाधमनीचा आकडा खोटा कमी येतो आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

वायर ब्लॉकच्या पलीकडे नेली. विश्रांतीत ब्लॉकपलीकडचा दाब भागिले महाधमनीचा दाब, हे गुणोत्तर ०.९२. पण विश्रांतीतलं गुणोत्तर म्हणजे एफएफआर, म्हणजे ब्लॉक असतानाही धमनी निरोगी धमनीच्या तुलनेत जास्तीत जास्त किती रक्त नेऊ शकते याचं माप, नव्हे. बारीक रक्तवाहिन्या पूर्ण सैलावल्या, म्हणजे त्यांचा अडथळा किमान झाला, की मगच दाबाच्या गुणोत्तरावरून प्रवाहाचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी शिरेतून ॲडेनोसिन, दर किलो वजनामागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम. सकाळी चहा-कॉफी घेतली नाही ना, हे आधीच विचारून ठेवलं होतं, कारण कॅफिन ॲडेनोसिनला अडवतं. "काका, आता छाती भरून आल्यासारखं होईल, दम लागेल. घाबरू नका, औषध थांबवलं की मिनिटभरात जाईल," असं सांगूनच सुरू केलं.

थोड्या वेळाने दाबाच्या दोन रेषा एकमेकींपासून लांब गेल्या आणि स्थिरावल्या. महाधमनीत सरासरी ८८ मिलिमीटर पारा, ब्लॉकपलीकडे ६९. एफएफआर ०.७८. सीमा ०.८०ची, आकडा तिच्या खाली, म्हणजे सरळ सरळ स्टेंट. टेक्निशियनने बलून काढू का, असं विचारलंही.

पण वायर मागे ओढून सेन्सर पुन्हा कॅथेटरच्या तोंडाशी आणल्याशिवाय आकडा मानायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. तिथे मध्ये कुठलाच ब्लॉक नाही, दोन्ही दाब सारखेच हवेत, गुणोत्तर १.००. स्क्रीनवर आलं ०.९४. महाधमनी ९०, वायर ८५. सेन्सरचा आकडा पाच मिलिमीटर पाऱ्याने खाली सरकला होता. याला ड्रिफ्ट म्हणतात. शंभरात तीनपर्यंतचा फरक चालवून घेता येतो, सहा नाही. आकृतीतूनही संशय येतो: खऱ्या ब्लॉकपलीकडे लहरीचा आकार बदलतो, बारीक खाच पुसट होते. इथे दोन्ही लहरी हुबेहूब, फक्त एक खाली उतरलेली. वजनकाट्याचा काटा मुळातच शून्यावर नसावा तसं.

ते पाच मिलिमीटर ६९मध्ये मिळवले तर ७४ भागिले ८८, म्हणजे ०.८४. पण असं कागदावर दुरुस्त करून निर्णय घेणं मला पटत नाही, निदान सीमेच्या इतक्या जवळ असताना तरी नाही. दाब पुन्हा जुळवले, वायर त्याच जागी नेली, ॲडेनोसिन पुन्हा चढवलं. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हलले नाहीत. ८६ आणि ७२. एफएफआर ०.८४. मागे ओढल्यावर १.००. स्टेंट नको.

बाहेर मुलगा वाट बघत होता. "साठ-सत्तर टक्के ब्लॉक आहे म्हणता आणि तसाच सोडून देता?" मी त्याला सांगितलं की पूर्ण जोर लागला तरी ही धमनी निरोगी असताना नेऊ शकली असती त्याच्या सुमारे ८४ टक्के रक्त पोचवते आहे, इथे स्टेंटने मिळणारा फायदा त्याच्या धोक्याइतकाही नाही. तो गप्प झाला, पटलं असं म्हणवत नाही. मग त्याने खरा प्रश्न विचारला: "मग बाबांना दुखतं कशाने?"

कदाचित ॲडेनोसिनने सैलावतात त्याच बारीक रक्तवाहिन्यांत दोष असेल. एफएफआर तो दाखवत नाही. चरबीचा थर उद्या फुटेल का, हेही तो सांगत नाही. म्हणून ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालू, छातीच्या दुखण्यासाठी बीटा ब्लॉकर. चालताना त्रास वाढला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं. बसल्या जागी दुखू लागलं, तर थेट इमर्जन्सीत.