‘हलक्या हातानं’ म्हणजे किती हलक्या? माझा लच्छा पराठ्याचा अनुभव

‘मग हलक्या हातानं लाटून घ्या.’ लच्छा पराठ्याची कुठलीही कृती घ्या, त्यात हे वाक्य असतंच. या एका वाक्यानं माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. पीठ किती, पाणी किती हे सगळे चमच्यांत सांगतात. जिथं सगळं बिघडतं, तिथं मात्र ‘हलका हात’ म्हणून मोकळे होतात.

आमच्या वरच्या मजल्यावर अंबाल्याचं कुटुंब राहतं. त्यांच्या घरातल्या आजी, सगळे त्यांना बीजी म्हणतात, हिवाळ्यात पुण्याला येतात. जानेवारीत एका रविवारी त्यांनी मला पराठे करून दाखवले. वर्तुळावर वर्तुळ, बोटानं उचललं तर लच्छा सुटून येईल असे. शेवटचे दोन माझ्याकडून करून घेतले, तेही बरे झाले. तीस वर्षं घडीची पोळी करतेय, पदर सुटलेली, टम्म फुगणारी. त्यामुळे मला वाटलं, यात काय एवढं! बीजी फेब्रुवारीत अंबाल्याला गेल्या आणि मी एप्रिलमध्ये भाचे येणार म्हणून पराठ्यांचा घाट घातला.

पाचही पराठे तेलकट, जाड भाकरीसारखे झाले. आमच्याकडे हे एवढंच म्हणाले, “आज पोळी जरा जाड झालीय का?”

पीठ मळण्यात काही अडचण नव्हती, ते आधी सांगून टाकते. दोन वाट्या कणीक, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तूप चोळून, आणि साधारण एक वाटी पाणी लागेल तसं. पोळीच्या कणकेइतकंच मऊ, अर्धा तास झाकून. एवढ्यात पाच पराठे होतात. उंडा पोळीच्या उंड्याच्या दीडपट घ्यायचा.

घड्यांचंही तसंच. उंड्याची मोठी पातळ पोळी लाटायची, पोळपाटाच्या कडेपर्यंत. गोल आली नाही तरी बिघडत नाही. तिच्यावर तूप पसरायचं, वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरायचं. मग साडीच्या निऱ्या घालतो तशा बोटभर रुंदीच्या निऱ्या घालत जायचं. तयार झालेली पट्टी दोन्ही टोकांना धरून अलगद ओढायची, दीड वीत होईपर्यंत. मग निऱ्यांच्या कडा वर राहतील अशी तिची चकलीसारखी गुंडाळी करायची आणि शेपूट खाली खोचायचं. हे सगळं मला पहिल्या दिवशीच जमलं होतं. गुंडाळी दिसायची इतकी देखणी की लाटायला जीव होत नसे. लाटली की मात्र संपलं, लाटण्याखाली सगळे पदर एकमेकांत मुरून सपाट गोळा.

पहिला संशय तुपावर गेला आणि तो अर्धा खरा निघाला. जानेवारीत बीजींच्या डब्यातलं तूप थिजलेलं, रवाळ होतं. त्या बोटांनी ते पोळीवर फासत होत्या. एप्रिलमध्ये माझ्या ओट्यावरचं तूप पाण्यासारखं. पातळ तूप पदरांमध्ये थांबत नाही. काही कणकेत मुरतं, काही निऱ्या ओढताना कडेनं बाहेर येतं. मग दोन पदरांमध्ये उरतं काय? कणकेला कणीक चिकटते. मी तूप अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून श्रीखंडाइतकं घट्ट केलं. फरक पडला, पण थोडाच.

मग एकदम चिरोटे आठवले. आपण चिरोट्याला नुसतं तूप लावतो का? तूप आणि तांदळाचं पीठ फेसून साठा करतो आणि तो लावतो. बीजी तुपावर पीठ भुरभुरत होत्या, ते दुसरं काय होतं? साठाच तो, पोळीवर जागच्या जागी केलेला. तेव्हापासून मी दोन मोठे चमचे तूप आणि एक मोठा चमचा कणीक वाटीत फेसून घेते. उन्हाळ्यातसुद्धा तो ओघळत नाही. पिठाचं प्रमाण मात्र वाढवू नका. एकदा मी हात सैल सोडला, तर पदर सुटले खरे, पण प्रत्येक पदरात कोरड्या पिठाची चव.

साठा लावूनही पदर निम्मेच दिसायचे. आता चिडून मी सुरी घेतली. एक गुंडाळी लाटण्याआधीच मधोमध कापली. आत पदर स्पष्ट, वहीच्या पानांसारखे. दुसरी लाटून, न भाजता कापली. कडेला चार-दोन रेघा, मध्ये काहीच नाही. म्हणजे घड्या बरोबर होत्या. घात होत होता तो गुंडाळी आणि तवा यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात, जिथं ‘हलका हात’ असं लिहिलेलं असतं.

मी हात हलका ठेवून पाहिला. गुंडाळी लाटली की रबरासारखी मागे येई. सहा इंच लाटावी, लाटणं उचलताच चार. मग पुन्हा लाटा, जरा जोरानं. पुन्हा आक्रसते, आणखी जोरानं. शेवटी सहा इंच व्हायची तेव्हा मी तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकलेला असे. या कणकेवर हलका हात चालतच नव्हता, आणि कृती लिहिणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं.

न राहवून अंबाल्याला फोन लावला. बीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पेड़े कितनी देर रखे थे?”

मी म्हटलं, “रखे? एक बेलती हूं, एक तवे पर.”

तिकडून हसण्याचा आवाज आला.

मग माझ्या डोळ्यांसमोर तो जानेवारीतला रविवार उभा राहिला. बीजींनी आधी पंधराच्या पंधरा पेड्यांच्या, म्हणजे उंड्यांच्या, गुंडाळ्या केल्या होत्या, परातीत ओळीनं मांडून ओल्या फडक्यानं झाकल्या होत्या, मग चहा घेतला होता, आणि त्यानंतर तवा ठेवला होता. माझ्या वाट्याला आलेल्या शेवटच्या दोन गुंडाळ्यांना सगळ्यांत जास्त विसावा मिळालेला, म्हणून तर माझे ते पराठे बरे झाले! बीजींच्या कामाच्या क्रमातच तो विसावा होता, म्हणून त्यांना तो वेगळा सांगावासा वाटला नाही. आपण पोळ्या करताना एक लाटायची, एक तव्यावर असं करतो. घडीच्या पोळीला ते चालतं, कारण तिला दोनच घड्या असतात आणि ती हळूहळू लाटली जाते. इथं कणीक आधी लाटून ताणली, निऱ्या घालून ओढली, गुंडाळून पुन्हा ताणली. इतकी ओढाताण झाल्यावर कणकेतला चिवटपणा ताठलेला असतो. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवली की तो सैलावतो.

फोननंतरच्या रविवारी मी पाचही गुंडाळ्या करून झाकून ठेवल्या आणि घड्याळ लावलं. पहिली लगेच लाटली, मुद्दाम. नेहमीसारखीच आक्रसली. दुसरी दहा मिनिटांनी, जरा ऐकली. तिसरी वीस मिनिटांनी. तळव्यानं दाबली तशी पसरत गेली आणि परत आली नाही. लाटणं नुसतं फिरवायचं होतं, दाबायचं नव्हतंच. तेव्हा कळलं हलका हात कशाला म्हणतात! त्या तिसऱ्या पराठ्याचा फोटो मी बीजींना पाठवला, बहिणीला पाठवला आणि जिला त्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा माझ्या योगाच्या बाईंनाही पाठवला.

कडक उन्हाळा असेल तर हा विसावा फ्रीजमध्ये द्या, पण दहाच मिनिटं. फार गार झाली तर तूप कडक होऊन लाटताना पदर फाडतं.

लाटण्याबद्दल आणखी एक, कारण पोळीचा सरावलेला हात इथंही आडवा येतो. पोळीला आपण कडेवर जोर देतो, ती लाटण्याखाली गरगर फिरावी म्हणून. पराठ्याला तसं केलं की कडा पातळ होतात आणि मध्ये गुंडाळीचा उंचवटा तसाच राहतो. भाजल्यावर कड कुरकुरीत, मध्य कच्चा. म्हणून आधी बोटांनी मधला भाग दाबून घ्यायचा. मग लाटणं मधून बाहेर न्यायचं आणि कडेच्या बोटभर आधी उचलायचं. दर वेळी पराठा थोडा फिरवायचा. उलटायचा नाही, कारण निऱ्यांच्या कडा वरच्या बाजूला आहेत. सहा इंच झाला की थांबायचं. दोन पोळ्या एकावर एक ठेवल्या तर होईल त्याहून जाडच असतो. पातळ करायचा मोह होतो, मला अजूनही होतो.

तवा बिडाचा असेल तर उत्तम, आच मध्यम. पोळीची आच ठेवली तर बाहेरून डाग पडतात आणि आत पिठूळ राहतं. तूप आधी सोडायचं नाही. दोन्ही बाजू कोरड्याच भाजायच्या, पांढुरके ठिपके येईपर्यंत, मग कडेनं चमचाभर तूप, उलटून वर आणखी थोडं. कच्च्या कणकेवर तूप पडलं तर वरचा थर तळला जातो आणि आतले पदर तसेच चिकटून बसतात. उलथन्यानं कडा अलगद दाबत, फिरवत भाजायचं. एकेका पराठ्याला चारेक मिनिटं लागतात, म्हणून पाहुण्यांना आधी ताटावर बसवू नका. झाला की नाही ते कडेवरून कळतं. पदरांच्या मधली कणीक ओलसर, चकचकीत दिसत असेल तर अजून अर्धं मिनिट.

उतरवला की फडक्यात धरून दोन्ही तळव्यांनी कडेकडून आत चुरगाळायचा, टाळी वाजवल्यासारखा. पदर उघडतात ते या क्षणी. पहिल्यांदा मी घाबरत केलं, इतक्या कष्टानं लाटलेला पराठा कोण चुरगाळेल! आणि एकावर एक रचून डब्यात झाकू नका, वाफेनं पदर पुन्हा बसतात. आमचे भाचे आता तव्याजवळच उभे राहतात आणि बाहेरच्या टोकापासून उलगडत खातात. हे मात्र अजून पोळीच मागतात.

हो, मीठ साठ्यातही चिमूटभर घाला. बीजींनी फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं, लिहायचं राहूनच गेलं.