प्लंबरला म्हटलं, रेट फोडून सांगा

फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये पाण्याची बारीक धार चालूच राहायची, रात्री शांत झालं की आवाज यायचा. सोसायटीत येणाऱ्या प्लंबरला फोन केला तर म्हणाला, "ताई, पूर्ण सेट बदलावा लागेल, सगळं मिळून 2800 होतील." टाकी न बघताच. म्हटलं दादा, हे जरा फोडून सांगा ना, यायचे किती, मजुरी किती, सामान किती, आणि काम तुम्हालाच दिलं तर यायचे पैसे मजुरीत धरणार का वेगळे घेणार? आधी थोडा वैतागला, मग म्हणाला, व्हिजिटचे 200 पण काम केलं तर ते घेत नाही, मजुरी 500, बाकी सामान. म्हणजे सामानाचे 2300! मी तेच सगळं व्हॉट्सॲपवर लिहून त्याला पाठवलं आणि "हो" घेतलं, नंतर वाद नको.

आता 2300 चं नक्की काय बदलायचं हे कळायला पाहिजे होतं, म्हणून तो यायच्या आधी टाकीचं झाकण काढलं, आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि टाकीत पाणी सोडणारा भिंतीजवळचा अँगल कॉक बंद करून ठेवला. अर्ध्या तासाने पाणी खुणेच्या बरंच खाली गेलेलं. म्हणजे गळती टाकीच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या वॉशरमधून. पाणी खुणेवरच राहिलं असतं तर दोष वरच्या इनलेट व्हॉल्व्हचा, तो बंद होत नाही म्हणून जास्तीचं पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये जात राहतं.

तो आला तेव्हा खूण दाखवली आणि विचारलं की इनलेट चांगला आहे तर पूर्ण सेट कशाला? त्याने खालचा व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढला, रबरी वॉशर कडक होऊन एका बाजूने वर वळलेला. म्हणाला नुसता वॉशर मिळतो, पण कंपनी आणि मॉडेल जुळलं पाहिजे, आणि मजुरी तेवढीच लागेल कारण खोलायची मेहनत तीच. हे मला पटलं, मजुरीत घासाघीस केली नाही. वॉशर मीच खाली हार्डवेअरमधून जुना नमुना दाखवून आणला, 120 रुपये, बिलासकट. एक मात्र त्याने स्पष्ट सांगितलं की सामान तुम्ही आणलं तर त्याची गॅरंटी मी देणार नाही, फक्त फिटिंगची देईन. ठीक आहे ना.

एकूण 620.

भिंतीच्या आतल्या पाइपच्या गळतीला असा आधी हिशोब मिळत नाही, टाइल फोडल्याशिवाय त्यालाही कळत नाही. तिथे मी फक्त बघायचे आणि खोलायचे किती एवढंच ठरवते, सामानाचा आकडा खोलल्यावर, आणि टाइल परत बसवणारा गवंडी धरलाय का हे आधीच विचारते, कारण प्लंबरच्या रेटमध्ये तो बहुतेक वेळा नसतो.