दोन किल्ल्यांची तिजोरी

चिपळूणच्या शाखेत मी हेड कॅशिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे आली आणि दुसरी सरांकडे. दोन्ही लागल्याशिवाय कॅश बाहेर निघत नाही आणि दोन्ही एकाच माणसाकडे कधीच ठेवत नाहीत. एकजण विसरला की काउंटर बंद. म्हणून रोज सकाळी साडेआठला त्यांचा मेसेज यायचा.

"मॅडम, किल्ली घेतलीत?"

"हो सर."

चार महिने आमचं एवढंच बोलणं. समोरासमोर तर तेवढंही नाही. तिजोरी उघडताना दोघंही कुलपाकडेच बघायचो.

मग एका सोमवारी, बाजाराच्या गर्दीनंतर, संध्याकाळी कॅश 400 रुपयांनी कमी भरली. मी दोनदा मोजली. हात थरथरायला लागले, कारण कमी पडलेले पैसे कॅशिअरलाच भरावे लागतात. दहा पावलांवरच्या टेबलावरून मेसेज आला.

"400 म्हणजे 500 ची नोट 100 च्या गड्डीत गेली असेल. मशीनवर नको, हाताने बघा. मी थांबलोय."

सातव्या गड्डीत सापडली. मी "सापडली" एवढंच लिहिलं. त्यांनी लिहिलं, "जेवला नव्हता तुम्ही दुपारी." मी डबा उघडला नव्हता, हे त्यांच्या लक्षात होतं! घरी जाईपर्यंत मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल.

तरी मला काही कळलं नव्हतं. कळलं ते जुलैत, आईच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस रजा घेतली तेव्हा. जाताना किल्ली दुसऱ्या कॅशिअरला दिली. किल्लीच्या रजिस्टरवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही झाली, ती सरांनी स्वतः तपासली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, बरोबर साडेआठला फोन वाजला.

"किल्ली घेतलीत?"

"सर, किल्ली माझ्याकडे नाही. काल तुम्हीच रजिस्टर बघितलंत."

"माहीत आहे."

त्यावर काय लिहावं सुचेना. वर "टायपिंग" दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. पाचेक मिनिटं गेली असतील.

"आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. आज पेज घेतली."

"इकडे खूप पाऊस आहे. वाशिष्ठीचं पाणी वाढलंय."

"तुम्ही पुलावरून येऊ नका. उशीर झाला तरी चालेल."

पाठवल्यावर लक्षात आलं, असं मी घरच्या माणसाला सांगते. आणि वर स्क्रोल केलं तेव्हा दिसलं की सकाळपासून त्यांनी एकदाही मॅडम लिहिलं नव्हतं.

परतले त्या दिवशी मी सव्वाआठलाच मेसेज केला.

"किल्ली घेतलीत?"

"हो. आज संध्याकाळी तिजोरी बंद झाल्यावर चहा घ्याल?"

मी "हो सर" लिहिलं, त्यातलं "सर" खोडलं आणि पाठवलं.