तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपवरच्या टोमण्याला काय लिहायचं

“घरच्या ग्रुपवर कुणी खोचक लिहिलं की गप्पही बसवत नाही आणि काही लिहिलं की वाद पेटतो. तुम्ही नेमकं काय लिहिता हो?”

बहुतेक टोमण्यांत दोन गोष्टी असतात. एक खरीखुरी तक्रार आणि तिच्यावर भुरभुरलेलं तिखट. मी उत्तर फक्त तक्रारीला देते. तिखटाची दखलच घेत नाही, हसूनसुद्धा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्ष लिहायला बसलं की बोटं आपोआप तिखटाकडेच वळतात. म्हणून एक प्रसंगच सांगते.

पुतण्याचं केळवण गिरगावात मोठ्या वहिनींकडे होतं, रविवारी. आम्ही मुलुंडला राहतो. आदल्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, “उद्या माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक आहे, आम्हाला पोचायला एक-दीड वाजेल.” लगेच वहिनींचं आलं, “सावकाश या हो. मुलुंडकर पाहुणेच आहेत, पानं वाढून झाल्यावर आलात तरी चालेल.” आणि पुढे हात जोडलेले. आपल्याकडे त्या जोडलेल्या हातांचा नमस्काराशी संबंध कधीच तुटलाय, हे वेगळं सांगायला नको.

आता यातली तक्रार काय? सकाळी हाताशी कुणी नाही, एवढीच. रात्री साडेदहाला त्या डाळी भिजत घालत असणार, वीसेक पानांचा हिशोब डोक्यात असणार आणि त्यात माझा उशिराचा निरोप. “पाहुणेच” हे तिखट. मला लागलं ते तेच, आणि ग्रुपातल्या पंचवीस जणांनी वाचलं तेही तेच. आत्यांपासून कॉलेजातल्या भाच्यांपर्यंत सगळे आता माझ्या उत्तराची वाट बघत होते. म्हणजे मी लिहिणार होते वहिनींना, पण वाचणार होते हे सगळे. ग्रुपवर माणूस हट्टाला पेटतो तो या प्रेक्षकांमुळे. फोनवर ज्या वहिनी “अगं बरं, ये तू” म्हणाल्या असत्या, त्या इथे माघार घेणार नाहीत.

सुचणारी उत्तरं साधारण तीन. पहिलं, “मागच्या मुंजीला भांडी कुणी आवरली होती?” हा हिशोब कुठल्याच घरात आजवर जुळलेला नाही. दुसरं, “वहिनी, रागावलात का?” हे गोड वाटतं, पण चारचौघांत त्यांच्याकडून खुलासा मागणं आहे. त्यावर “छे गं, मी कशाला रागावू” याखेरीज काय येणार, आणि तो आणखी एक टोमणाच. तिसरं म्हणजे नुसतं “बरं” किंवा परत जोडलेले हात. ते सगळ्यांना कळतं.

उलट टोमणा मारून गमतीत घ्यावं, असंही काही जण सुचवतात. मी लेखी गमतीवर विसंबत नाही. 2005 साली अमेरिकेत क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले होते. ई-मेलमधलं वाक्य गंभीर आहे की उपरोधाचं, हे वाचणाऱ्याला बरोबर ओळखता येईल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसे बरे नव्हते. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. हे दोन्हीकडून लागू आहे. वहिनींचा सूर मला तरी कुठे ऐकू आला होता?

मी लिहिलं ते असं: “खरंय वहिनी, सकाळच्या कामाला मी पोचत नाही. कोशिंबीर आणि गोडाचं इथून करून आणते, आणि पंगत उठल्यावरची आवराआवर माझ्याकडे. बासुंदी करू की श्रीखंड?”

यात “खरंय” आहे, पण ते मदत न होण्यापुरतं. माफी मागितलेली नाही, कारण मेगाब्लॉक मी लावलेला नव्हता. जी कामं अंगावर घेतली ती मी कुरकुर न करता करणार होते तेवढीच. नाहीतर बासुंदी आटवताना पुन्हा तेच धुमसत राहतं. आणि शेवटी एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न. त्यामुळे ग्रुपवरचा पुढचा मेसेज गोडाचा असणार, पाहुण्यांचा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. त्यांच्या मेसेजवर बोट सरकवून उत्तर दिलं की तो मेसेज माझ्या उत्तराच्या डोक्यावर पुन्हा छापला जातो. ज्यांनी वाचला नव्हता तेही वाचतात. म्हणून साधं खाली लिहायचं, “वहिनी” एवढ्या हाकेने पुरतं.

मसुदा मी ग्रुपच्या चौकटीत लिहीत नाही, स्वतःला मेसेज पाठवायची सोय असते तिथे लिहिते. एक तर “टायपिंग” बराच वेळ दिसत राहिलं की लोक खुर्च्या ओढून बसतात. दुसरं म्हणजे, गेलेला मेसेज सुधारायला 15 मिनिटं मिळतात, पण सुधारल्याची खूण राहते. पुसला तर “मेसेज डिलीट केला” ही ओळ राहते, आणि मूळ मजकुरापेक्षा तिचीच चर्चा जास्त होते. शिवाय कुणीतरी तो वरच्या पट्टीत आधीच वाचलेला असतो. आमच्या आत्या तर त्याचसाठी जाग्या असतात.

सगळ्यात अवघड काम घरातच होतं. नवरा “मी लिहितो वहिनीला” म्हणून फोन उचलत होता. त्याला थांबवलं. तिसऱ्याने बाजू घेतली की दोघींमधली गोष्ट दोन घरांमधली होते, मग त्यांच्याकडूनही भावजी उतरणार.

वहिनींचं उत्तर आलं: “बासुंदी. आणि कोशिंबिरीत मीठ बेताने घाल.” उत्तरार्धात पुन्हा थोडं तिखट होतं, तुमच्या लक्षात आलंच असेल. पण विषय कामावर आला होता. मी अंगठा दाखवला आणि फोन चार्जिंगला लावला. त्याऐवजी दुसरा थेट टोमणा आला असता, तरी ग्रुपवर मी पुन्हा लिहिलं नसतं. थेट फोन केला असता.

“पाहुणे” शब्द लागला होता, तो मी गिळला नाही. केळवण पार पडल्यावर, दोन दिवसांनी फोन केला. “वहिनी, ते पाहुण्यांचं मला लागलं हो. गाड्या असत्या तर मी आठला तुमच्या ओट्याशी असते.” त्या म्हणाल्या, “अगं, सहज लिहिलं मी.” सहज नव्हतं, पण तिथे मी कबुली काढत बसले नाही. त्यांना कळलंय हे आवाजावरून कळलं.

हे सगळं तुमच्यावर टोमणा असेल तेव्हाचं. लहान पोरीच्या मार्कांवर किंवा नव्या सुनेच्या माहेरावर कुणी घसरलं, तर तिखटाकडे दुर्लक्ष करणं म्हणजे संमती दिल्यासारखं होतं, कारण ज्याच्यावर बोट आहे तोही तिथेच वाचत असतो. तेव्हा मी एकच ओळ लिहिते: “काका, तिच्या मार्कांवर इथे नको. ती हा ग्रुप वाचते.” याहून जास्त कारणं देत नाही, कारणं वाढवली की त्यांच्यावरच वाद सुरू होतो. “गंमत केली गं” असं आलं तर “हो, पण तिची नको” एवढंच. त्यापुढे काका काहीही लिहोत, मी थांबते, आणि आधी त्या पोरीला फोन करते.